नगरसेवकांना आभाराचा मेसेज लिहिताना या चुका टाळा

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून आठ वर्षं मी प्रभागातल्या कामांचा पाठपुरावा करते आहे. रस्ता झाला की ग्रुपवर आभाराचे मेसेज सुरू होतात आणि दरवेळी त्याच त्या चुका दिसतात. सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते.

आभार मानता मानता कामाला प्रमाणपत्र देणं

ही चूक मी स्वतः केली आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गेटसमोर डांबरीकरण झालं. रोलर हलला आणि मी तिथेच उभी राहून नगरसेवकांना लिहिलं, ‘अतिशय दर्जेदार काम झालं, आम्ही सर्व रहिवासी पूर्ण समाधानी आहोत.’ जूनच्या दुसऱ्या पावसात ड्रेनेजच्या चेंबरभोवतीचं डांबर खचलं. झाकण चार बोटं वर आणि भोवती पाण्याचं तळं. आमच्याच इमारतीतले एक काका स्कूटरवरून तिथे पडले, मनगट मोडलं.

तक्रार केली तर ठेकेदाराच्या माणसाने मोबाईल पुढे केला. त्यात माझाच मेसेज! ‘मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना, समाधानी आहोत म्हणून?’

अशा मेसेजने ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. कामानंतर ठरावीक काळ, ज्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात, बिघाड झाला तर त्याने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. तो काळ किती, हे निविदेत लिहिलेलं असतं. पण हे पटवण्यात माझा महिना गेला आणि तो सगळा महिना लोक त्या तळ्यातून चालत होते.

तेव्हापासून दर्जाबद्दल मी एक शब्दही लिहीत नाही. काय झालं, कुठून कुठपर्यंत झालं, कधी झालं आणि त्याने आमची कोणती अडचण दूर झाली, एवढंच लिहिते. डांबर निवलं की दुसऱ्या दिवशी चेंबरजवळ आणि रस्त्याच्या कडेला दोन बादल्या पाणी ओतून बघते. पाणी गटाराकडे वळलं तर ठीक, तिथेच थांबलं तर फोटो काढून ठेवते. मेसेज त्यानंतर. रोलर हलायच्या आत आभार पाठवायची घाई कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. एक दिवस थांबलं म्हणून कोणी रागावत नाही.

आभाराच्या शेपटाला नवी मागणी

‘रस्त्याबद्दल धन्यवाद, आता तेवढं पथदिव्यांचं बघा.’ समोरच्याला यातला फक्त दुसरा भाग ऐकू येतो. शिवाय पथदिव्यांचं काम विद्युत विभागाकडे असतं, त्यामुळे हा मेसेज पुढे कोणाला पाठवायचा हेही त्यांना कळत नाही. चेंबर खचलं असेल तर तेसुद्धा वेगळ्या मेसेजमध्ये, फोटो आणि तक्रार क्रमांकासह लिहा.

चुकीच्या माणसाचे आभार

मुंबईबाहेर बऱ्याच महापालिकांत एका प्रभागात तीन-चार नगरसेवक असतात. पाठपुरावा एकाने केलेला असतो आणि मेसेज जातो फलकावर फोटो असलेल्याला. जागेवर कोण आलं होतं, एवढं आठवा.

बाकी किरकोळ

गुलाबाच्या फुलांचं चित्र पाठवू नका, ते उघडलंही जात नाही. नाव तपासून लिहा. ‘आपणच आमचे दैवत’ वगैरे नको. असला मेसेज प्रचाराच्या पोस्टमध्ये दिसला की सोसायटीत भांडणं होतात, म्हणून सोसायटीचं नाव घालण्याआधी कमिटीला विचारा.

यंदा आमच्या मागच्या गल्लीचं काम झालं, तेव्हा मी हे पाठवलं:

‘नमस्कार ताई. मागच्या गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंतचा साधारण 120 मीटर रस्ता उखडला होता. 6 मे रोजी आम्ही तक्रार क्रमांकासह तुम्हाला कळवलं. 19 मे रोजी तुम्ही अभियंत्यांना घेऊन जागेवर आलात आणि 28 मे रोजी डांबरीकरण झालं. आता रिक्षा मागच्या गेटपर्यंत येते, आमच्याकडच्या आजी-आजोबांना गिरणीपर्यंत चालत जावं लागत नाही. 36 कुटुंबांतर्फे तुमचे मनापासून आभार. भर उन्हात काम करणाऱ्या कामगारांनाही आमचे आभार कळवावेत.’

ताईंनी तो मेसेज अभियंत्यांना पाठवला. जुलैमध्ये गिरणीसमोर खडी निघायला लागली, तेव्हा मी वेगळी तक्रार केली. कामाची तारीख आणि लांबी अभियंत्यांकडे आधीच होती. त्यांनी ठेकेदाराला बोलावलं आणि पाचव्या दिवशी तेवढा तुकडा पुन्हा झाला.