इटालियन समीक्षेचा अनुवाद : विशेषणांच्या या चुका टाळा

इटालियन चित्रपटसमीक्षेत नापसंती क्वचितच उघड शब्दांत येते. ती बहुधा वरकरणी कौतुकाच्या विशेषणात दडलेली असते आणि अनुवादकाचा पाय नेमका तिथेच घसरतो. समीक्षेत सहज आढळावे असे एक वाक्य नमुन्यादाखल घेऊ : ‘उन फिल्म ओनेस्तो, दिस्क्रेतामेन्ते रेचितातो, मा काल्लिग्राफिको.’ शब्दकोश उघडून केलेला अनुवाद असा होतो : ‘प्रामाणिक, संयत अभिनयाचा, पण सुलेखनासारखा सुंदर चित्रपट.’ यातला ‘पण’ निरर्थक झाला आहे, आणि चूक झाल्याची खूण तीच आहे. ‘मा’ म्हणजे ‘पण’. त्याच्या दोन्ही बाजूंना स्तुतीच उरली, तर एखादे विशेषण आपण उलटे वाचले आहे असे समजावे.

‘ओनेस्तो’चा अर्थ प्रामाणिक हा खराच, परंतु इटालियनमध्ये वाजवी किमतीलाही ‘ओनेस्तो’ म्हणतात आणि समीक्षेतली छटा त्या अर्थाच्या जवळची आहे : चित्रपट मोठा आव आणत नाही, जेवढे कबूल करतो तेवढे देतो. (आपल्याकडचा ‘प्रामाणिक प्रयत्न’ही असाच निसटता शेरा आहे, पण सुटे ‘प्रामाणिक’ वाचकाला सत्यकथनाकडे नेते.) ‘काल्लिग्राफिको’ला तर इतिहासच आहे. 1940च्या दशकाच्या आरंभी मारियो सोल्दाती, रेनातो कास्तेल्लानी आदींच्या साहित्याधारित, घोटीव चित्रपटांना ‘काल्लिग्राफिस्मो’ हे नाव पडले ते हिणवण्यासाठी. देखणी चौकट आणि आत आयुष्याचा अभाव, हा आरोप त्या विशेषणाला अजून चिकटलेला आहे.

‘दिस्क्रेतामेन्ते’च्या मुळाशी असलेले ‘दिस्क्रेतो’ सर्वांत फसवे आहे. इटालियन शाळेत दहापैकी सात गुणांना हा शेरा मिळतो. तो ‘पुरेसे’च्या वर आणि ‘चांगले’च्या खाली असतो. म्हणून वाक्याचा अनुवाद असा हवा : ‘कसलाही आव न आणणारा, अभिनयात बऱ्यापैकी जमलेला, पण नुसत्या देखणेपणात अडकलेला चित्रपट.’

इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्यांकडून ‘सुज्जेस्तीवो’चे ‘सूचक’ होते आणि कधी त्याला नको तो चावट वासही लागतो. मुळात हे विशेषण लावलेले दृश्य वातावरणाने भारून टाकणारे असते. ‘फुर्बो’ चित्रपटाला ‘चतुर’ म्हटले की उपहास नाहीसा होतो. प्रेक्षक कुठे रडेल याचा आधीच हिशेब मांडणाऱ्या चित्रपटाला मराठीत ‘हिशेबी’ म्हणावे.

एक अडचण मात्र उरते. ‘दिस्क्रेतो’ नामाआधी आला, उदाहरणार्थ ‘उना दिस्क्रेता प्रोवा’ म्हणजे ‘बऱ्यापैकी कामगिरी’, तर तो जवळजवळ नेहमी ‘बऱ्यापैकी’ असतो. नामानंतर, विशेषतः संगीताबद्दल किंवा दिग्दर्शनाबद्दल, तो ‘पुढे पुढे न करणारा’ या अर्थानेही येतो. अशा वेळी पुढचे वाक्य संगीताच्या दर्जाबद्दल बोलते की त्याच्या आवाजाबद्दल, हे पाहूनच शब्द निवडावा लागतो.