चिल्ड, कंडेन्सर आणि हॉट वॉटर: पाइप निवडताना या चुका टाळा

"साहेब, तिन्ही लाइनी जीआय सी-क्लास टाकू. गंजाची कटकटच नको." उपनगरातल्या एका चोवीस मजली हॉटेलच्या कामावर ठेकेदाराने पहिल्याच बैठकीत हे सुचवलं. चिलर आणि पंप तळघरात, कूलिंग टॉवर गच्चीवर. चिल्ड वॉटर आणि हॉट वॉटरला मी नाही म्हटलं, कंडेन्सर वॉटरला मात्र हो म्हटलं. तिसऱ्या वर्षी तळघरात कंडेन्सरच्या २०० मि.मी.च्या लाइनवर एका वेल्डच्या कडेला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक पडलं. आठवडाभरात तसंच दुसरं. तो होकार का चुकला ते सांगतोच, पण त्याआधी त्याच कामावर ड्रॉइंगमध्येच पकडलेली एक चूक सांगतो, कारण ती जास्त ठिकाणी होते.

पंपाचा हेड म्हणजे लाइनचा दाब नव्हे

कंडेन्सर पंपाचा हेड होता २५ मीटर. डिझाइन करणाऱ्या पोराने हिशेब केला: २५ मीटर म्हणजे अडीच बार, सर्किट टॉवरपाशी उघडंच आहे, मग पीएन १० चे, म्हणजे दहा बारचे, व्हॉल्व्ह आणि फ्लँज भरपूर झाले.

पण टॉवरच्या बेसिनपासून तळघरातल्या पंपापर्यंत ९० मीटर पाण्याचा उभा खांब आहे. पंप बंद असला तरी तळाशी तो ८.८ बारने दाबतच असतो. पंप चालू झाला की त्याचे २५ मीटर वर चढतात, म्हणजे डिस्चार्जला ११५ मीटर, ११.३ बार. डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू झाला तर त्याच पंपाचा हेड ३१ मीटरपर्यंत जात होता. तेव्हा १२१ मीटर, जवळपास १२ बार. "उघडं सर्किट" हा शब्द फक्त गच्चीवर खरा असतो. तळघरात ते सर्किट पीएन १६ चंच आहे.

आणि यात पाइप हा सगळ्यात बळकट भाग असतो, हे लक्षात ठेवा. २१९.१ मि.मी. बाहेरच्या व्यासाचा, ६.३ मि.मी. जाडीचा साधा एमएस पाइप घ्या. स्टीलवर १०० मेगापास्कलचाच ताण धरला तरी तो पन्नास बारच्या वर जातो. जाडी दाबासाठी नव्हे, गंजाला खायला म्हणून ठेवलेली असते. मोडतं ते दुसरंच: पंपाजवळचा रबर बेलो, फ्लँजची गॅस्केट, बटरफ्लाय व्हॉल्व्ह आणि खुद्द चिलरचा कंडेन्सर. बहुतेक चिलरची पाण्याची बाजू नेहमीच्या मालात दहा बारचीच येते. सोळा बारची हवी तर ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. आमची ऑर्डर आधीच गेली होती. म्हणून पंप चिलरच्या पुढे न ठेवता मागे घेतला. आता पंप चिलरमधून पाणी ओढतो आणि टॉवरकडे ढकलतो, त्यामुळे चिलरवर उभ्या खांबाचे ८.८ बारच येतात, पंपाचा दाब त्यात मिळत नाही. दहाच्या आत बसलं, पण फार ऐसपैस नाही.

याच हिशेबाची दुसरी चूक हायड्रो टेस्टला होते. कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १८ बार, हा दाब तळाशी मोजायचा असतो. फिटर गेज घेऊन गच्चीवर बसला आणि तिथे १८ दिसेपर्यंत पंप मारत राहिला, तर तळघरात २६.८ बार होतात. पीएन १६ व्हॉल्व्हच्या बॉडीची कारखान्यातली टेस्टच २४ बारची असते. गेज तळाशी लावा, चिलर आणि बेलो आधी ब्लँक टाकून वेगळे करा, आणि मधले व्हॉल्व्ह उघडे ठेवा, म्हणजे सीटवर तो दाब येणार नाही.

फ्लँजबद्दल एकच. २०० मि.मी.ला पीएन १० च्या फ्लँजला आठ बोल्ट असतात, पीएन १६ ला बारा. क्लास १५० ला पुन्हा आठच, पण बोल्टचं वर्तुळ २९८.५ मि.मी., आणि पीएनचं २९५. साडेतीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. दिसतो तो गॅस कटरने लांबट केलेल्या भोकांत. साइटवर अशी भोकं दिसली की समजा, व्हॉल्व्ह एका टेबलचा आणि फ्लँज दुसऱ्या टेबलची आली आहे.

जीआयला वेल्डिंग केलं की तो जीआय राहत नाही

आता ती भोकं. आम्ही गळका तुकडा कापून काढला आणि उभा चिरला. पाइपचा मधला भाग आतून करडा, जस्त शाबूत. वेल्डच्या दोन्ही बाजूंना मात्र दोन-तीन बोटं रुंद पट्टा तांबूस, त्यावर गंजाच्या गुठळ्या. एक गुठळी स्क्रू ड्रायव्हरने फोडली तर आत काळा चिखल, कुजक्या अंड्याचा वास, आणि खाली खळगा.

जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं. वेल्डिंगच्या आगीत ते जोडाजवळ उडून जातं. वेल्डरला थंडी-ताप आणणारा पांढरा धूर तोच. बाहेरून आपण झिंक पेंट मारून समाधान मानतो, पण पाणी आतून वाहतं आणि आत ब्रश जात नाही. शेजारचं जस्त काही काळ स्वतः झिजून उघड्या स्टीलला सांभाळतं. ते संपलं की वेल्डचा खडबडीत आतला काठ गाळ धरून ठेवतो आणि त्या गाळाखाली गंज सुरू होतो. कंडेन्सर वॉटर टॉवरमध्ये दर फेरीला हवा खातं, त्यामुळे ऑक्सिजनला तोटा नाही.

काळा चिखल आणि वास मात्र वेगळ्या कारणाचे होते: सल्फेट खाणारे जिवाणू. लाइन टेस्ट करून अर्धवट रिकामी केली आणि टॉवर यायला सात महिने लागले. तेवढ्या काळात तळाशी साचलेल्या पाण्यात त्यांनी वस्ती केली. टेस्ट झाल्यावर लाइन एक तर पूर्ण कोरडी करा, नाही तर बायोसाइड आणि इनहिबिटर घालून भरून ठेवा. अर्धी भरलेली लाइन दोन्हींपेक्षा वाईट.

कंडेन्सर लाइनला मग काय टाकायचं? वेल्डिंगच करायचं असेल तर सरळ जाड एमएस पाइप घ्या आणि जस्तावर वाचलेले पैसे पाण्याच्या केमिकल डोसिंगला व साइड स्ट्रीम फिल्टरला लावा. जीआयच हवा असेल तर जोड ग्रूव्ह कपलिंगचे करा. रोल ग्रूव्ह थंड अवस्थेत पडतो, जस्त जळत नाही. नाही तर स्पूल आधी फ्लँजसकट वेल्ड करून घ्या आणि मग गरम जस्तात बुडवून आणा. ग्रूव्ह जोड गळला तर बहुतेक वेळा दोष कपलिंगचा नसतो: पाइपच्या टोकाला लांबीभर असलेली वेल्डची शिवण घासून सपाट केलेली नसते, किंवा कोणीतरी ईपीडीएम गॅस्केटला ग्रीस चोळलेलं असतं. पेट्रोलियम ग्रीसने ते रबर फुगतं. किटमधलंच वंगण वापरा.

"मग एसएस ३०४ टाकू" असंही कोणी म्हणतं. टँकरच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅम असेल आणि टॉवर ते पाच पट घट्ट करत असेल, तर लाइनमध्ये हजार होतं. त्या पाण्यात ३०४ ला टाचणीएवढी भोकं पडायची भीती असते.

हॉट वॉटर: पाइपवर छापलेला आकडा थंड पाण्याचा असतो

सीपीव्हीसीच्या एसडीआर ११ पाइपला २३ अंशांना ४०० पीएसआय, म्हणजे साडेसत्तावीस बार चालतात. ८२ अंशांना तोच पाइप १०० पीएसआयचा, जेमतेम सात बारचा उरतो. उंच इमारतीच्या तळाशी गरम पाण्याच्या लाइनला हा हिशेब केलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. शिवाय तो स्टीलच्या पाचपट वाढतो. ३० मीटरची सरळ लाइन ३५ अंशांनी तापली तर सुमारे ६३ मि.मी. लांब होते, स्टील साडेबारा. दोन्ही टोकं घट्ट आवळली असतील तर ती वाढ एल्बोमधून बाहेर येते, साध्या मराठीत एल्बो तडकतो.

जीआय इथेही नको. साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त आणि लोखंडाची भूमिका उलटते: लोखंड झिजून जस्ताला वाचवू लागतं.

बंद हीटिंग लूपला साधा पीपीआर टाकण्याची चूक सगळ्यात उशिरा कळते. पाणी गळत नाही, पण प्लास्टिकच्या भिंतीतून ऑक्सिजन आत झिरपतो, आणि पाणी गरम असेल तर जास्तच. तो गंज पीपीआरला धरत नाही. पंप, हीट एक्स्चेंजर, हेडर या स्टीलच्या भागांना धरतो. लक्षण म्हणजे स्ट्रेनर वारंवार काळ्या गाळाने भरणं. त्या गाळात लोहचुंबक बुडवून बघा; गाळ मिशा फुटल्यासारखा चिकटला तर तुमचंच स्टील विरघळतंय. अशा लूपला ऑक्सिजन बॅरियरचा पाइप घ्या किंवा सरळ एमएस.

चिल्ड वॉटर बाहेरून गंजतं

बंद लूपमध्ये पहिल्या भरणीतला ऑक्सिजन संपला की काळा एमएस आतून फारसा गंजत नाही. म्हणूनच जीआय नाकारला होता. मात्र पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू पंचवीसच्या आसपास असतो आणि पाइप सात अंशांचा. इन्सुलेशनचं बाष्परोधक आवरण जिथे फाटतं तिथे पाइपला घाम फुटतो, आणि ते फाटतं बहुतेक क्लॅम्पखाली, जिथे फिटर नरम इन्सुलेशनवरच लोखंडी पट्टी आवळतो. तिथे घट्ट पीयूएफ सॅडल हवा आणि खाली रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी. क्लॅम्पपाशी ओघळ दिसला तर इन्सुलेशन सोलून बघा, नुसतं टेप मारू नका.

आणि लूप खरंच बंद आहे का, ते मेकअप लाइनवर साधा वॉटर मीटर लावला की कळतं. त्या हॉटेलात लूपमध्ये बारा हजार लिटर पाणी होतं, आणि मीटर रोज चारशे लिटर दाखवत होता. म्हणजे महिन्याभरात अख्खा लूप नव्या, ऑक्सिजनवाल्या पाण्याने भरला जात होता आणि इनहिबिटर गटारात. अकराव्या मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या वर एका एएचयूचा ड्रेन व्हॉल्व्ह अर्धवट उघडा सापडला, त्याची नळी थेट कंडेन्सेटच्या पाइपात घातलेली. खाली एक थेंबही पडत नव्हता, म्हणून वर्षभर कोणी वर पाहिलं नव्हतं.