पंपाचा 15 किलोवॉटचा ड्राइव्ह 15 किलोवॉटच्या बेल्टला का पुरत नाही

गोव्यात वेर्णा, कुंडई किंवा डिचोलीच्या बाजूला मेंटेनन्समध्ये नव्याने लागणाऱ्याला पहिल्या वर्षात हमखास भेटणारा प्रसंग हा आहे. कन्व्हेयरचा ड्राइव्ह, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारा डबा, जळालेला असतो. स्टोअरमध्ये पंपावरून काढलेला एक चांगला ड्राइव्ह पडून असतो. दोन्हींवर 15 किलोवॉट, 415 व्होल्ट. वायर जोडल्या, सकाळी रिकामा बेल्ट फिरवून पाहिला, झकास चालला. दुपारी पावसाने भिजलेला माल बेल्टवर असताना प्लांट थांबला, पुन्हा सुरू करायला गेले तर मोटर नुसती गुणगुणते. पडद्यावरचा आकडा दहा-बारा हर्ट्झवर अडकतो आणि मिनिटभरात ओव्हरलोडची ट्रिप येते. मग गिअरबॉक्स उघडला जातो, बेअरिंगवर संशय घेतला जातो, आणि दोष असतो भाराचा प्रकार न ओळखण्यात.

किलोवॉट हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. मोटर शाफ्टला जो पीळ देते तो टॉर्क, आणि तो किलोवॉटमधून असा निघतो:

```
T = 9550 × P / n
T = 9550 × 15 / 1460 = 98 Nm
```

P किलोवॉटमध्ये, n मिनिटाला फेऱ्यांमध्ये. पंपाची मोटर आणि बेल्टची मोटर, दोघींचा पूर्ण वेगाचा टॉर्क 98च. फरक पडतो वेग कमी केल्यावर. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: वेग खाली आणला की भार किती टॉर्क मागतो?

बेल्ट तेवढाच मागतो. रोलरवरचे घर्षण आणि चढावरच्या मालाचे वजन वेगावर अवलंबून नसते, त्यामुळे 20 हर्ट्झलाही 98च्या आसपास आणि 50 हर्ट्झलाही तेवढाच. हा स्थिर टॉर्कचा भार. शक्ती मात्र वेगाच्या प्रमाणात उतरते, 20 हर्ट्झला साधारण 6 किलोवॉट. शिवाय थांबलेला भरला बेल्ट हलवायला चालत्या बेल्टपेक्षा जास्त लागते. दीडपट धरून चला. ओला, चिकट माल स्कर्टच्या रबराला घट्ट बसला असेल तर त्याहूनही जास्त.

सेंट्रिफ्यूगल पंप आणि पंखा उलटे वागतात. त्यांचा टॉर्क वेगाच्या वर्गाने आणि शक्ती घनाने बदलते. वेग 80 टक्के केला की टॉर्क 64 टक्के, शक्ती 51 टक्के. सुरुवातीला तर जवळपास काहीच मागत नाहीत. हा वर्गनियमाचा भार, आणि ड्राइव्हच्या दृष्टीने सर्वात सोपा.

या सोपेपणाचा फायदा घेऊनच पंपाचा ड्राइव्ह निवडलेला असतो. बेल्टवर तो तीन ठिकाणी तोकडा पडतो.

पहिले ठिकाण ड्राइव्हच्या पाटीवरच दिसते. बऱ्याच ड्राइव्हवर दोन रेटिंग असतात, हलक्या कामाचे आणि जड कामाचे. ND आणि HD, किंवा VT आणि CT अशी अक्षरे दिसतील. हलक्या कामाच्या रेटिंगला मिनिटभर 110 टक्के करंटची मुभा असते, जडला साधारण 150 टक्के. आपली मोटर 28 ॲम्पिअरची धरा. बेल्टला सुटायला दीडपट, म्हणजे 42 ॲम्पिअरच्या आसपास हवेत. हलक्या कामाला 32 ॲम्पिअरचा ड्राइव्ह जास्तीत जास्त 35 देतो. तोच ड्राइव्ह जड कामाला 11 किलोवॉटचा ठरतो. म्हणजे बेल्टला एक आकार मोठा ड्राइव्ह लागणार होता. काटकसर म्हणून इथे लहान घेऊ नका. ते वाचलेले पैसे पहिल्या पावसात जातात.

दुसरे ठिकाण पॅरामीटरमध्ये लपलेले असते, म्हणून जास्त छळते. पंपासाठी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे नाते वर्गाच्या वक्राने ठेवण्याची सोय असते. कमी वेगाला मोटरला कमी व्होल्टेज दिले की थोडी वीज वाचते. सरळ रेषेच्या सेटिंगला 20 हर्ट्झवर 166 व्होल्ट जातात. वर्गाच्या वक्राला तिथे जातात फक्त 66. मोटरचे चुंबकीय क्षेत्र 40 टक्क्यांवर येते आणि ती जास्तीत जास्त देऊ शकेल तो टॉर्क त्याच्या वर्गाने, म्हणजे 16 टक्क्यांवर. एरवी अडीचपट टॉर्कपर्यंत दम धरणारी मोटर 20 हर्ट्झला पूर्ण टॉर्कच्या 40 टक्केही जेमतेम देते. पंपाला तिथे 16 टक्केच हवे असतात, त्याला कळतही नाही. बेल्ट मात्र जागचा हलत नाही. रिकामा बेल्ट सकाळी का फिरला, याचे उत्तर हेच.

म्हणून दुसरीकडून आणलेला ड्राइव्ह आधी फॅक्टरी सेटिंगवर न्या आणि मोटरच्या नेमप्लेटचे आकडे नव्याने भरा. मग सरळ रेषेचा वक्र ठेवा, किंवा सोय असेल तर सेन्सरशिवायचे व्हेक्टर कंट्रोल निवडून ऑटोट्यून करा. कीपॅडमधून जुने पॅरामीटर कॉपी करण्याचा मोह टाळा. टॉर्क बूस्ट, म्हणजे कमी वेगाला दिलेले जादा व्होल्टेज, वाढवून काम भागते असे कोणी सांगेल. थोडा बूस्ट ठीक, पण भरमसाट वाढवला तर रिकामा बेल्ट हळू चालतानाही मोटर तापते, कारण बूस्ट भार बघून दिला जात नाही.

तिसरे ठिकाण मोटरच्या मागच्या जाळीत आहे. नेहमीच्या मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. 20 हर्ट्झला तो 40 टक्के वेगाने फिरतो, हवा कमी पडते. बेल्ट मात्र पूर्ण टॉर्क मागतो, म्हणजे करंट पूर्ण, तांब्यातली उष्णता पूर्ण. पंपावर ही अडचण येत नाही, तिथे पंख्याबरोबर करंटही उतरतो. साधारण 25-30 हर्ट्झच्या खाली तासन्‌तास बेल्ट चालवायचा असेल तर स्वतंत्र वीज घेणारा पंखा बसवा किंवा मोटर एक आकार मोठी घ्या. आमचे मत विचाराल तर आधी गिअरबॉक्सचा रेशो किंवा पुली बदलता येते का ते बघा. रोज 20 हर्ट्झवरच चालणारा बेल्ट म्हणजे रेशो चुकला आहे. तो सुधारला की मोटर 45-50 हर्ट्झवर आरामात चालते आणि बेल्टच्या शाफ्टला टॉर्कही जास्त मिळतो. गोव्याच्या पावसाळ्यात जाळीवर लाल चिखलाचा थर बसतो, त्यामुळे कागदावर पुरेशी वाटणारी हवाही प्रत्यक्षात कमी पडते. वाइंडिंगमध्ये तापमान ओळखणारा थर्मिस्टर असेल तर तो ड्राइव्हला जोडाच. ड्राइव्हचा स्वतःचा हिशेब करंटवर चालतो, त्याला चिखल दिसत नाही.

नवखे इथे क्लॅम्प मीटर घेऊन फसतात. बेल्ट 20 हर्ट्झवर आहे, मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली आहे, आणि ड्राइव्हच्या इनकमिंग वायरला मीटर लावला तर 10 ते 14 ॲम्पिअर दिसतात. ‘लोड तर निम्माही नाही!’ ड्राइव्ह मेन्सकडून शक्तीच्या हिशेबाने करंट घेतो आणि मोटरला टॉर्कच्या हिशेबाने देतो. मोटरच्या बाजूला 28च आहेत. साधा क्लॅम्प मीटर कमी फ्रिक्वेन्सीला भरवशाचा नसतो, म्हणून ड्राइव्हच्या पडद्यावरचा आउटपुट करंट वाचा.

भाराचा प्रकार ओळखण्याची रीतही त्याच आकड्यात आहे. नेहमीचा माल चालू ठेवून 50, 40, 30 आणि 20 हर्ट्झला आउटपुट करंट लिहून घ्या. फारसा हलला नाही तर स्थिर टॉर्क. झपाट्याने उतरून मोटरच्या बिनभाराच्या करंटकडे, आपल्या मोटरला 11-12 ॲम्पिअरकडे, झुकला तर वर्गनियम. नावावर जाऊ नका. सांडपाणी प्रकल्पात हवा सोडणाऱ्या दोन लोबच्या रूट्स यंत्राला सगळे ब्लोअर म्हणतात, पण टाकीतल्या पाण्याची उंची तीच असल्याने तो जवळपास स्थिर टॉर्क मागतो. गाळ ढकलणारा स्क्रू पंपही नावापुरताच पंप, त्याला बेल्टसारखेच वागवा.

खऱ्या पंपाचाही वर्गनियम निखळ नसतो. आपल्याकडे टाकी टेकडीवर असते. समजा पाणी 30 मीटर उंच चढवायचे आहे आणि व्हॉल्व्ह बंद असताना पंप पूर्ण वेगाला 48 मीटरचा दाब देतो. दाब वेगाच्या वर्गाने घटतो, त्यामुळे 39-40 हर्ट्झला तो 30 मीटरवर येतो. त्याखाली टाकीत थेंबही पडत नाही, पंप आतल्या आत पाणी घुसळत तापतो. अशा ठिकाणी किमान फ्रिक्वेन्सी 42 लावून ठेवा. दुसऱ्या टोकालाही सावध राहा: जास्त पाणी हवे म्हणून 55 हर्ट्झ केले की शक्ती घनाने, म्हणजे 33 टक्क्यांनी वाढते. पूर्ण भरलेली 15 किलोवॉटची मोटर 20 द्यायला लागते.

तिसरा प्रकार, स्थिर शक्तीचा, कमी भेटतो पण मोटर निवडताना सर्वात जास्त फसवतो. पॅकेजिंगची फिल्म गुंडाळणारा वाइंडर घ्या. फिल्म मिनिटाला 120 मीटरने येते, म्हणजे सेकंदाला 2 मीटर, आणि ताण 300 न्यूटन ठेवायचा आहे. शक्ती 600 वॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. 100 मिलिमीटरच्या रिकाम्या नळीवर वेग मिनिटाला 382 फेरे, टॉर्क 15 न्यूटन मीटर. रोल 600 मिलिमीटरचा झाला की वेग 64 फेरे, टॉर्क 90. 600 वॉट पाहून पाऊण किलोवॉटची मोटर मागवली तर रोल मोठा होत जाताना ताण सुटतो आणि फिल्म ढिली पडते.

चार पोलच्या मोटरला 4चा रेशो दिला तर सर्वात जास्त वेग सुमारे 1530 फेरे आणि शेवटी 22.5 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे 3.7 किलोवॉटची मोटर. रेशो 6 केला तर सुरुवातीला 2290 फेरे लागतात, मोटर 80 हर्ट्झच्या आसपास जाते. 50 हर्ट्झच्या वर व्होल्टेज वाढत नाही म्हणून टॉर्क घटतो, पण तिथे अडीच न्यूटन मीटरच हवेत, अडचण नाही. शेवटी हवे 15, म्हणजे 2.2 किलोवॉटची मोटर हिशेबात अगदी काठावर बसते. घर्षण आणि वेग घेण्याचा वाटा धरून 3 किलोवॉटची घ्या. मोठ्या रोलला ती 13-14 हर्ट्झवर पूर्ण टॉर्क देत असते, तेव्हा स्वतंत्र पंखा इथेही लागतोच. बेअरिंग आणि गिअरबॉक्सला 2300 फेरे चालतात का, हे ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून लेखी घ्या.