या चुका टाळा: गाय-शेळीला साप चावल्यावर डॉक्टर येईपर्यंत

गवतात तोंड घालून चरणाऱ्या जनावराला साप बहुतेक वेळा नाकपुडीजवळ, ओठावर नाहीतर जबड्यावर चावतो. त्याखालोखाल पायावर, आणि बसलेली गाय असेल तर कधी कासेवर. हे आधी सांगायचं कारण असं, की साप चावला म्हटल्यावर आपला हात आधी दोरीकडे जातो आणि थोबाडावर दोरी बांधता येत नाही. उलट तिथे आधीच बांधलेली दोरी सोडावी लागते. पहिल्या अर्ध्या तासातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच.

पहिली चूक: वेसण, मोरकी तशीच ठेवणे

समजा, जुलै महिना आहे. संध्याकाळी साडेपाचला बांधावर चरणारी गाय एकदम उसळली, मान झटकली आणि मागे सरकली. गवतातून साप जाताना दिसला: जाडसर, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. घोणस. पावणेसहाला नाकपुडीच्या वर लिंबाएवढी गाठ दिसते, तिच्यातून पातळ रक्त झिरपतं. साडेसहापर्यंत सूज वरच्या ओठावर आणि गालावर पसरते. साडेसातला गाय श्वास घेताना घरघरते, कारण नाकपुड्या आतून दाबल्या गेल्यात.

घोणशीची सूज किती वर चढेल हे आधी सांगता येत नाही. मोरकी, वेसण, गळ्यातलं दावं, घंटा, पायातला घुंगरू सूज तिथे पोचण्याआधीच काढायचं. वेसण ओढून काढू नका. गाठीजवळ कात्रीने कापा आणि एका बाजूने हळूच सरकवा. सुजेत रुतलेली मोरकी तासाभराने कापायला गेलात तर कातडीही सोबत येते, आणि श्वास कोंडलेली गाय तुम्हाला जवळ येऊ देत नाही. गाय धरून ठेवायची असेल तर मानेभोवती सैल कासरा टाका. त्यात दोन मुठी सहज गेल्या पाहिजेत.

दुसरी चूक: पायावर घट्ट दोरी आवळणे

चावा पायावर असेल तर हा मोह टाळणं अवघड जातं, कारण गावातला प्रत्येक जण तेच सांगतो. घोणस आणि फुरसे यांचं विष चाव्याच्या जागचं मांस नासवतं. वरून दोरी आवळली की ते विष थोड्याच भागात कोंडतं, त्या भागाला रक्तही पोचत नाही, आणि जनावर वाचलं तरी पाय कुजतो. शिवाय तासाभराने कुणीतरी दोरी एकदम सोडतं आणि साठलेलं विष एका झटक्यात अंगभर जातं.

कुणी आधीच बांधली असेल तर घाईने कापू नका. डॉक्टरांना फोनवर किती वेळापूर्वी आणि कुठे बांधली ते सांगा आणि ते म्हणतील तसं करा. ब्लेडने चीर पाडणं, तोंडाने विष ओढणं, जखमेवर पोटॅशियम परमँगनेट भरणं, बर्फ लावणं, कोंबडीचं पिल्लू टेकवणं यांतल्या कशानेही विष बाहेर येत नाही. घोणशीच्या चाव्यात चीर तर जास्तच घातक, कारण त्या जनावराचं रक्त गोठत नाही आणि चिरेतून ते तासन् तास गळत राहतं.

तिसरी चूक: तोंडातून काही पाजणे

ताक, तूप, गोडेतेल, पाल्याचा रस, मिरपूड. पाजणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण दोरीपेक्षाही जास्त जनावरं यातच दगावत असावीत, असं आम्हाला वाटतं. कारण समजून घेतलं की हात आपोआप थांबतो.

नागाचं विष नसांवर काम करतं. आधी पापण्या जड होतात, जनावर अर्धवट डोळे मिटून उभं राहतं. मग तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागतात. ही लाळ जास्त सुटलेली नसते, गिळता येत नसल्यामुळे ती बाहेर येते. जीभ सैल पडते, मान खाली जाते, मागचे पाय लटपटतात, मग जनावर बसतं. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा जनावराच्या घशात बांबूच्या नळकांड्याने अर्धा लिटर तेल ओतलं की ते पोटात न जाता थेट फुप्फुसात उतरतं. मग विषावरची लस वेळेत मिळाली तरी चार दिवसांनी न्यूमोनिया गाठतो. गिळता येतं का हे बघायला पाणी पाजून पाहणं हीसुद्धा तीच चूक. पाणी समोर ठेवा, स्वतः प्यायलं तर पिऊ द्या, आणि चारा मात्र काढून घ्या.

मण्यार चावली तर लक्षणं अशीच, पण चाव्याच्या जागी सूज जवळजवळ नसते. म्हणून सूज नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. नागाच्या चाव्यात सूज येऊ शकते.

चौथी चूक: गाय चालवत दवाखान्यात नेणे

चालताना स्नायू हलतात आणि विष अंगात लवकर पसरतं. गायीला, बैलाला जिथे चावा झाला तिथेच सावलीत थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही त्याच वेळी फोन करा. फोनवर पहिला प्रश्न विचारा, तो लसीबद्दल: सर्पविषावरची लस, म्हणजे एएसव्ही, जवळ आहे का? नसेल तर कुठून आणायची हे त्याच मिनिटाला ठरतं आणि एक माणूस गाडीवर निघतो. डॉक्टर येऊन तपासल्यावर शोधाशोध सुरू झाली, तर दोन तास हकनाक जातात.

शेळीचं गणित वेगळं आहे. ती उचलून नेता येते, तेव्हा तिला डॉक्टरांकडे न्या. पण चारही पाय बांधून खांद्यावर टाकू नका आणि डोकं खाली लोंबकळू देऊ नका. गाडीत गवतावर पोटावर बसवा, एकाने मान धरावी. सापाने सोडलेलं विष शेळीच्या तीस किलोंनाही तेवढंच आणि गायीच्या साडेतीनशे किलोंनाही तेवढंच, म्हणून शेळी फार लवकर कोसळते. याच कारणाने लसीचा डोस जनावराच्या वजनावर ठरत नाही, विषाच्या मात्रेवर ठरतो. शेळी लहान म्हणून अर्धीच बाटली द्या, असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

गाय खाली बसली तर कुशीवर आडवी पडू देऊ नका. आडवी पडली की कोठ्यातला वायू बाहेर येत नाही, डावी कूस ढोलासारखी फुगते आणि श्वास आणखी दबतो. उरावर बसवा, दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावा. मान पोत्यावर थोडी उंच ठेवा पण तोंड खाली उतरतं राहू द्या, म्हणजे लाळ बाहेर वाहील. दर दोन तासांनी बाजू बदला.

पाचवी चूक: हाताशी असलेलं इंजेक्शन टोचणे

गोठ्यात वेदनाशामकाची बाटली असतेच. घोणशीच्या विषाने रक्त पातळ झालेलं असतं, मांसात टोचलेल्या प्रत्येक सुईच्या जागी रक्त साठून गाठ येते. शिवाय त्या विषाचा मारा मूत्रपिंडांवर असतो आणि बऱ्याच वेदनाशामकांचाही. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे. लस मिळाली म्हणून कुणी ती चाव्याच्या भोवती टोचत असेल तर त्यालाही थांबवा. ती शिरेतून, सलाइनमध्ये मिसळून, हळूहळू द्यायची असते. काही जनावरांना तिची जोराची रिअ‍ॅक्शन येते, म्हणून डॉक्टर सुरुवातीला थेंब कमी ठेवतात. एकदम सोडा, असं म्हणत मागे उभं राहू नका.

डॉक्टर काचेच्या कोरड्या बाटलीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतील, मग तिरपं करून पाहतील. रक्त वाहिलं तर गोठण बिघडली, म्हणजे घोणस नाहीतर फुरसे. या वीस मिनिटांत बाटली हलवायची नाही, आणि आपल्या घरची साबणाने धुतलेली बाटलीही पुढे करायची नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही.

तोवर काय नोंदवायचं

चावल्याची वेळ. सुजेची कड: तिच्यावर खडूने किंवा गेरूने रेघ ओढा आणि दर अर्ध्या तासाने नवी रेघ. पायावर चावा असेल तर एकाच जागी सुतळीने घेर मोजा. लघवीचा रंग पाहा, लाल किंवा चहासारखा झाला तर लगेच कळवा. सापाचा फोटो दुरून मिळाला तर ठीक, पण मारून पिशवीत आणू नका. तोडलेलं डोकंही चावू शकतं.

थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप घ्या. पावसाळ्यात साप दिसला नसेल आणि फक्त सूज असेल तेव्हा याचा फार उपयोग होतो. गायीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. गळ्याखाली सूज आणि १०५ च्या वर ताप असेल तर घटसर्पाचा संशय. तरण्या, धष्टपुष्ट वासराच्या मांडीवर सूज, ताप, आणि दाबल्यावर चरचर आवाज आला तर फऱ्या. सापाच्या चाव्यात सहसा एवढा ताप नसतो. पण निदान तुम्ही ठरवू नका, आकडे डॉक्टरांना सांगा.

सकाळी जनावर मेलेलंच सापडलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळसर, न गोठलेलं रक्त येत असेल, तर साप चावला असं ठरवून कातडं सोलायला घेऊ नका. फाशी रोगातही अगदी असंच दिसतं आणि तो रोग माणसाला होतो. प्रेत उघडू नका, कुत्र्यांपासून राखा, डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका. विमा असेल तर कानातला बिल्ला तसाच राहू द्या.

वाचलेल्या जनावराच्या चाव्याची जागा चार-पाच दिवसांनी काळी पडून सुटायला लागते. पावसाळ्यात माशा तिथेच बसतात, दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. म्हणून त्या जखमेचं ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांचं डॉक्टर परत जाण्याआधीच विचारून घ्या.