कापणी ते गिरणी: भाताचा अखंड तांदूळ कुठे हरवतो

ऑक्टोबर लागला की भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत हलके धान कापणीला येते, तर कोकणात हळव्या भाताची मळणी आटोपून निमगरवे पिवळे पडू लागते. याच दिवसांत परतीच्या पावसाची एखादी सर येऊन जाते, पहाटे दव पडते आणि दुपारी ऊन चटके देते. शेतकऱ्याला चिंता असते ती एकरी किती पोती निघतील याची. गिरणीत मात्र त्याच पोत्यांतून अखंड तांदूळ किती आणि कणी किती निघणार, हे कापणीच्या आगेमागच्या आठ-दहा दिवसांतच बव्हंशी ठरून गेलेले असते. हा सल्ला तेवढ्या दिवसांपुरता आहे. अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो शेताकडून गिरणीकडे असा वाचावा, कारण भरडणीच्या प्रयोगशाळेत जे दिसते त्याचे कारण सहसा खळ्यावर असते.

आधी उतारा म्हणजे काय ते स्पष्ट करू. स्वच्छ भाताच्या वजनात साधारण पाचवा भाग तूस असते. तूस काढल्यावर राहतो तो सोललेला तांदूळ, आणि त्याला पॉलिश करताना ८ ते १० टक्के कोंडा निघून जातो. उरलेला पांढरा तांदूळ म्हणजे एकूण उतारा. सरकारी धानाच्या भरडाईत कच्च्या तांदळासाठी ६७ टक्के आणि उसन्या म्हणजे उकड्या तांदळासाठी ६८ टक्के उतारा धरला जातो, तो हाच. या एकूण उताऱ्यात कणीही मोजलेली असते. मूळ दाण्याच्या तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक लांबीच्या दाण्यांना अखंड तांदूळ म्हणतात. बाजारात तांदळाचा भाव आणि कणीचा भाव यांत मोठे अंतर असते, म्हणून उत्पादकाने विचारायचा खरा आकडा अखंड तांदळाचा आहे.

हिशोब समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. एकाच जातीचे, एकाच बांधीतले, १४ टक्के ओलाव्याचे दोन नमुने प्रत्येकी १०० ग्रॅम घेतले. पहिला वेळेवर कापून सावकाश वाळवलेला, दुसरा पिकून पंधरा दिवस उभा राहिलेला आणि त्यात एकदा भिजलेला. दोन्हींतून तूस २१ ग्रॅम गेले आणि ७९ ग्रॅम सोललेला तांदूळ राहिला. पॉलिशनंतर पहिल्यातून ७० ग्रॅम पांढरा तांदूळ मिळाला, त्यात ५६ ग्रॅम अखंड. दुसऱ्यातून ६८.५ ग्रॅम मिळाला, त्यात अखंड मात्र ३८ ग्रॅमच. एकूण उताऱ्यात दीड ग्रॅमचाच फरक पडला, कारण तुटलेल्या टोकांवरचा पिठाळ भाग पॉलिशरमध्ये घासला जाऊन कोंड्यात मिसळतो. अखंड तांदळातला फरक मात्र १८ ग्रॅमचा, म्हणजे क्विंटलमागे १८ किलोचा आहे. फक्त एकूण उतारा पाहणाऱ्याला हे नुकसान दिसतच नाही, आणि दोष बिचाऱ्या गिरणीवर जातो.

गिरणीचाही वाटा असतो, हे खरे. तूस आणि कोंडा एकाच दाबात काढणाऱ्या जुन्या हलरमध्ये दाणा फार मोडतो. रबरी रोलचा शेलर आणि टप्प्याटप्प्याने पॉलिश करणारी गिरणी त्याच भातातून बराच जास्त अखंड तांदूळ देते. पण आधीच तडकलेला दाणा कितीही चांगल्या यंत्रात टिकत नाही. गिरणी फक्त त्या तड्यावर तो मोडते.

तडा का जातो, हे समजले की पुढचा सगळा सल्ला आपोआप लक्षात येतो. तांदळाचा दाणा पाणी घेतो आणि सोडतो तो पृष्ठभागाकडून, आणि आतल्या गाभ्यापर्यंत ओलावा पोहोचायला तास लागतात. वाळून १३-१४ टक्क्यांच्या आसपास आलेल्या दाण्यावर दव किंवा पाऊस पडला की बाहेरचा थर फुगतो, गाभा मात्र कोरडाच असतो. फुगलेला थर गाभ्याला दोन्ही टोकांकडे ओढतो आणि ताण न सोसून दाणा आतून आडवा चिरतो. वरून तूस शाबूत असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. २० टक्क्यांच्या वरचा ओला दाणा मऊ असतो, त्याच दवाने त्याला काही होत नाही. नेमक्या कोणत्या ओलाव्याखाली धोका सुरू होतो हे जातीनुसार बदलते, पण साधारण १२ ते १६ टक्क्यांच्या पट्ट्यात ती सीमा येते.

आता लोंबीकडे पाहा. एका लोंबीतले दाणे एकाच दिवशी पिकत नाहीत, वरच्या टोकाचे आधी पिकतात आणि बुडाचे मागाहून. म्हणून संपूर्ण पिकाची सरासरी २० टक्के असते तेव्हाही काही दाणे १५ टक्क्यांवर उतरलेले आणि काही २५ टक्क्यांच्या वर असतात. पीक उभे ठेवले की वरचे दाणे रोज दुपारी वाळतात आणि रोज पहाटे भिजतात. म्हणून लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे सोनेरी झाले, बुडाचे थोडे हिरवट असले आणि सरासरी ओलावा २० ते २२ टक्क्यांवर आला की कापणी करावी. पीक निसवल्यापासून सुमारे एका महिन्याचा अंदाज धरावा, पण निर्णय दाण्यावरून घ्यावा. ‘सगळे पिकू दे’ म्हणून थांबण्याची सवय फार जुनी आहे आणि ती अखंड तांदळाला सर्वांत महाग पडते. जास्त आधी कापणेही चुकीचेच, कारण हिरवे व पोटात पांढरे दाणे ठिसूळ असतात आणि पॉलिशमध्ये त्यांचा चुरा होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या एचएमटीसारख्या बारीक धानात वेळ आणखी काटेकोर पाळावी, कारण बारीक दाणा आडव्या ताणात जाड्या दाण्यापेक्षा लवकर मोडतो.

कापल्यावर कडपा शेतात पसरून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. एक-दोन कोरडे दिवस ठीक, पण त्यापुढे प्रत्येक रात्र तडे वाढवते. पुंजणे रचायचेच असेल तर लोंब्या आत राहतील असे रचावे व वर ताडपत्री टाकावी. ओले पुंजणे आतून तापते आणि दाणा पिवळा पडतो, म्हणून मळणी जितकी लवकर होईल तितकी बरी.

वाळवणीत उलट दिशेने तोच प्रकार घडतो. उन्हात बाहेरचा थर झपाट्याने सुकतो, गाभा ओला राहतो. येथे तडा उन्हात असताना नव्हे, तर वाळवणे थांबवल्यावर काही तासांनी जातो, कारण मग गाभ्यातले पाणी बाहेर सरकते, गाभा आकसतो आणि बाहेरचा थर फुगतो. त्यामुळे संध्याकाळी पाहिलेला दाणा अखंड असतो आणि दोन दिवसांनी तडकलेला निघतो. यावर उपाय म्हणजे वाळवणे एका दमात न करणे. भात ३-४ सेंटीमीटर थरात पसरावा, अर्ध्या-अर्ध्या तासाने हलवावा आणि भर दुपारी, विशेषतः डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर, ढीग करून झाकून ठेवावा. फार पातळ थर लवकर वाळतो असे वाटते, पण तो फार तापतो. ओलावा १७-१८ टक्क्यांवर आला की रात्रभर झाकून ढिगात विश्रांती द्यावी, म्हणजे दाण्याच्या आतबाहेर ओलावा सारखा होतो. मग दुसऱ्या दिवशी १४ टक्क्यांपर्यंत आणावा. वाळलेल्या ढिगात रात्रीचा दव लागू देऊ नये आणि ओला भात कधीही वाळलेल्या भातात मिसळू नये. ओलावा मोजणारे मीटर सरासरी १४ दाखवेल, पण १२ चा दाणा १७ च्या शेजाऱ्याकडून पाणी घेऊन तडकेल.

वाळवताना वजन घटते याची खंत असते, म्हणून हा हिशोबही सांगतो. २२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो भातात कोरडा ऐवज ७८ किलो असतो. तो १४ टक्क्यांवर आणला की वजन ७८ भागिले ०.८६, म्हणजे सुमारे ९०.७ किलो होते. गेलेले ९.३ किलो पाणीच आहे. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंतच चालतो.

मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक भाग भाजलेले कोरडे मीठ आणि तीन भाग भात घालून चांगले हलवावे. मीठ काचेला चिकटले तर भात अजून १५ टक्क्यांच्या वर आहे. दाताखाली फोडून पाहण्यापेक्षा ही रीत अधिक भरवशाची आहे.

तडे मात्र डोळ्यांनीच मोजावेत. वाळवून ढीग शांत झाल्यावर दोन दिवसांनी पोत्यांतून वेगवेगळ्या जागचे १०० दाणे घ्यावेत आणि नखाने हळूच सोलावेत. वरवंट्याने किंवा मुसळाने सोलले तर नवेच तडे जातात. काळ्या पुठ्ठ्याला बारीक फट पाडून खालून मोबाईलची टॉर्च लावावी आणि दाणा फटीवर आडवा ठेवावा. मी असे शेकडो दाणे पाहिले आहेत. चांगल्या दाण्यातून उजेड सलग झिरपतो, तर तडकलेल्यात केसासारखी रेघ दाण्याला आडवी कापून जाते आणि तिच्या एका बाजूला उजेड मंद होतो. एक रेघ असलेला दाणा गिरणीत कधीकधी टिकतो, दोन-तीन रेघांचा जवळजवळ नेहमी मोडतो. प्रत्येक बांधीची आणि प्रत्येक वाळवणीची मोजणी वेगळी लिहून ठेवली की कुठे चूक झाली ते त्यातूनच कळते.

गहू शिकणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. मैद्याच्या गिरणीत गव्हाला मुद्दाम पाणी लावून १६ टक्क्यांच्या आसपास आणतात आणि कित्येक तास मुरू देतात, म्हणजे कोंडा चिवट होतो आणि आतला पिठाळ भाग सहज भरडला जातो. ज्या भेगा तांदळात तोटा करतात, त्याच गव्हात कामाच्या ठरतात, कारण तेथे दाणा फोडायचाच असतो.

पावसात सापडलेले धान वेगळे मळावे, वेगळे वाळवावे आणि ते कच्चे भरडण्याऐवजी उकडा किंवा उसना तांदूळ करण्यासाठी द्यावे. भिजवून वाफवताना दाण्यातले स्टार्च फुगून चिकट होते आणि आतल्या भेगा भरून निघतात, म्हणून तडकलेल्या भाताचाही अखंड तांदूळ मिळतो. मात्र वाफवलेला भातही १६-१८ टक्क्यांवर थांबवून, काही तास झाकून, मगच १४ टक्क्यांवर न्यावा, नाहीतर पुन्हा तडे जातात. बुरशी लागलेला किंवा काळा पडलेला दाणा उकडूनही सुधारत नाही, तो वाफवण्याआधीच वेगळा काढावा.