सिनॉप्सिस परत आला तेव्हा

एमडीच्या प्रबंधाचा माझा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, समितीकडून परत आला. शेरा एवढाच: "उद्दिष्ट आणि पद्धत जुळत नाही."

मी लिहिलं होतं, "गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास करणे." यात मोजायचं काय, तेच नव्हतं. सरांनी सांगितलं, प्रत्येक उद्दिष्टासमोर लिही: कोणता आकडा काढणार आणि तो कुठून मिळणार. मग उद्दिष्ट असं झालं: तिसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या स्त्रियांचं प्रमाण काढणे. दुसरं, लोहाच्या गोळ्या नियमित घेण्याशी त्याचा संबंध तपासणे. "कारणे शोधणे" मात्र काढून टाकलं, कारण एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही.

नमुना मी अंदाजे १०० धरला होता. आता पहिल्या उद्दिष्टासाठी हिशेब मांडला. p म्हणजे रक्तक्षयाचं अपेक्षित प्रमाण, q म्हणजे १०० वजा p, d म्हणजे चालणारी चूक, सगळं टक्क्यांत:

```
n = 4pq/d²
p = 50, q = 50, d = 7
n = 10000/49 ≈ 204
```

दहा टक्के नकार गृहीत धरून २२७ जणींना विचारायचं ठरलं.

वेळापत्रक याच आकड्यातून निघालं. आमची प्रसूतिपूर्व ओपीडी आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी साधारण चार पात्र स्त्रिया. म्हणजे जवळपास २९ आठवडे. आधी मी सरळ "एक वर्ष" लिहिलं होतं, तेही नैतिकता समितीच्या मंजुरीआधीच्या महिन्यापासून! ती तारीख मंजुरीनंतरची केली.

दुसऱ्या फेरीत सिनॉप्सिस मंजूर झाला.