आरओ शुद्धीकरण यंत्राचा शॉर्ट : फसवणूक न करता फरक कसा दाखवला

बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या आरओ यंत्राचा एक मिनिटाचा शॉर्ट लिहिताना माझा प्रत्येक प्रयोग दिशाभूल करणाराच ठरत होता. विद्युत्‌विघटनाच्या कांड्या बुडवल्यावर नळाचे पाणी तपकिरी होते, परंतु तो रंग लोखंडी कांडीच झिजून आलेला असतो; आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्याने वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. टीडीएसचा आकडा फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नव्हे. दोन आठवडे वाया गेल्याचा मला मनस्ताप झाला.

शेवटी साबणाचा प्रयोग उपयोगी पडला. साध्या साबणाचा कीस आरओच्या पाण्यात विरघळवून घेतला. डिटर्जंट जड पाण्यातही फेसाळतो, त्यामुळे तो चालत नाही. मग कॅमेरा न थांबवता यंत्रात येणारे आणि यंत्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणारे पाणी दोन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी 100 मिली भरले, दोन्हींत द्रावणाचे दहा थेंब टाकले आणि त्या एकाच वेळी दहा सेकंद हलवल्या. येणाऱ्या पाण्याच्या बाटलीत पांढुरका साका आला, शुद्ध पाण्याच्या बाटलीत फेस टिकला. त्याच दृश्यावर निवेदन ठेवले : "येथे पाण्याचा जडपणा कमी झालेला दिसतो, जंतूंसाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी." त्यानंतर वाया जाणाऱ्या पाण्याची बादलीही दाखवली.